रिग्रेशनचे निष्कर्ष आकड्यांच्या स्लाइडशिवाय: आठ मिनिटांच्या भाषणाची स्क्रिप्ट कशी लिहायची

परिषदेत आठ मिनिटं मिळाली आहेत आणि हातात रिग्रेशनचा तक्ता आहे. समोर एक-दोन संख्याशास्त्रज्ञ, त्या विषयातले काही अभ्यासक, एखादा अधिकारी, एखादी पत्रकार आणि पहिल्यांदाच परिषदेला आलेले विद्यार्थी बसणार आहेत. तक्ता तसाच स्लाइडवर चिकटवला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना तो वाचता येतो ते वाचत बसतात, ज्यांना येत नाही ते फोन काढतात, आणि तुमच्याकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

अशी भाषणं मी बरीच दिली आहेत आणि त्याहून जास्त ऐकली आहेत. आकडे काढून टाकणं सोपं असतं. अवघड असतं ते आकडे काढल्यावरही विधान खरं ठेवणं. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. डेटा मुद्दाम असा निवडलाय की तो कुणालाही फुकट मिळतो आणि माझं प्रत्येक वाक्य तुम्हाला स्वतः पडताळून बघता येईल.

हा डेटा अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहावरच्या पेंग्विनांचा आहे. क्रिस्टन गोर्मन आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात तीन बेटांवर ही मोजमापं घेतली. एकूण ३४४ पक्षी, जाती तीन: अडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू. आपल्याला यातली दोनच मापं लागतील, चोचीची लांबी आणि चोचीची जाडी, म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर. ही दोन्ही मापं ३४२ पक्ष्यांची आहेत.

## जवळ काय असू द्यावं

- मॉडेलचा पूर्ण निकाल: उतार, त्यांच्या विश्वासमर्यादा आणि उरलेल्या विखुरण्याचं माप, म्हणजे अवशिष्टांचं प्रमाणित विचलन
- विखुरलेल्या ठिपक्यांचे दोन आलेख, आकडे काढून टाकलेले
- वाटायला एक पानाचं पत्रक. तक्ता तिथे जाईल
- प्रश्नांच्या वेळेसाठी मागे ठेवलेली एक राखीव स्लाइड. तक्ता इथेही असेल
- घड्याळ, आणि विषय अजिबात माहीत नसलेला एक श्रोता

आर वापरत असाल तर या उदाहरणाचा सगळा पाया एवढाच:

```r
library(palmerpenguins)
m1 <- lm(bill_depth_mm ~ bill_length_mm, data = penguins)
m2 <- lm(bill_depth_mm ~ bill_length_mm + species, data = penguins)
coef(m1); coef(m2)
confint(m2); sigma(m2)
```

पहिल्या मॉडेलमध्ये लांबीचा उतार −०.०८५ येतो. दुसऱ्यात जात घातली की तोच उतार +०.२० होतो. चिन्हच उलटतं. या भाषणात सांगायचं आहे ते हेच, आणि चुकीचं सांगितलं जाण्याचा धोकाही इथेच आहे.

## १. स्लाइड उघडण्याआधी तुलनेचं वाक्य लिहा

रिग्रेशनचा प्रत्येक उतार म्हणजे एक तुलना असते. श्रोत्याला उताराची व्याख्या नको असते. कोणाची तुलना कोणाशी केली आणि फरक किती पडला, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे कोऱ्या कागदावर हे एक वाक्य लिहिणं. आपल्या उदाहरणात ते असं होईल:

> एकाच जातीचे दोन पेंग्विन घ्या. ज्याची चोच दुसऱ्यापेक्षा ५ मिलिमीटरने लांब असते, त्याची चोच सरासरीने साधारण १ मिलिमीटरने जाडही असते.

तक्त्याखाली आपण सवयीने लिहितो ते वाक्य आता शेजारी ठेवून बघा: «जात स्थिर ठेवली असता लांबीतील प्रत्येक एकक वाढीमागे जाडीत ०.२० एकक वाढ अपेक्षित आहे.» अर्थाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं एकाच उताराची आहेत. पण «स्थिर ठेवली असता» म्हटल्यावर सामान्य श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. «एकाच जातीचे दोन पेंग्विन» म्हटलं की दोन पक्षी उभे राहतात. मॉडेलमध्ये तीन-चार नियंत्रक चल असतील तर जोडीचं वर्णन तेवढं लांबतं: त्याच जातीचे, त्याच बेटावरचे, त्याच वर्षी मोजलेले. वर्णन इतकं लांबलं की दमछाक व्हायला लागली, तर एका वाक्यात सगळं कोंबू नका. जोडी आधी उभी करा, फरक पुढच्या वाक्यात सांगा.

हे वाक्य लिहिता येत नसेल तर थांबा आणि मॉडेलकडे परत जा. बहुतेक वेळा अडचण भाषेची नसते. त्या उतारातून आपण नेमकी कोणाची कोणाशी तुलना करतोय हे आपल्यालाच नीट ठरवता आलेलं नसतं.

## २. क्रियापद तपासा

वरच्या वाक्यात «असते» आहे. ते «होते» किंवा «वाढते» केलं की अर्थ बदलतो. «चोच लांब झाली की जाडही होते» हे एकाच पक्ष्याच्या वाढीबद्दलचं विधान आहे, आणि आपण एकाही पक्ष्याची चोच वाढताना बघितलेली नाही. प्रत्येक पक्ष्याचं माप एकेकदाच घेतलंय. आपण वेगवेगळे पक्षी एकमेकांशेजारी ठेवून बघितले, इतकंच.

पेंग्विनच्या बाबतीत ही चूक लगेच हास्यास्पद दिसते, कारण चोच ओढून लांब करायला कुणी जात नाही. शिक्षण आणि उत्पन्न, व्यायाम आणि रक्तदाब अशा विषयांत मात्र तीच चूक सहज खपून जाते, आणि सभागृहातली पत्रकार तेच वाक्य उचलते. म्हणून स्क्रिप्ट लिहून झाली की एक फेरी फक्त क्रियापदांसाठी मारा. «मुळे», «परिणाम», «प्रभाव», «वाढवतो», «घटवतो» हे शब्द जिथे असतील तिथे खूण करा. डेटा प्रयोगातला असेल, म्हणजे कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल, तर शब्द राहू द्या. नाहीतर «असतो», «आढळतो», «सोबत दिसतो» यांवर भागवा. वाक्य थोडं मवाळ होतं, पण नंतर खुलासा द्यावा लागत नाही.

## ३. एकक असं निवडा की फरक खऱ्या जगात सापडेल

मॉडेल «दर मिलिमीटरमागे ०.२» म्हणतं. हा आकडा बोलून उपयोग नाही. एक मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि शून्य पूर्णांक दोन कुणाच्या लक्षात राहत नाही. गुणाकार करून ५ मिलिमीटरमागे १ मिलिमीटर केलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

मग ५ च का, २० का नाही? २० घेतलं तर जाडीतला फरक ४ मिलिमीटर येतो आणि भाषण अधिक दणदणीत वाटतं. सापळा इथेच आहे. या डेटात अडेली पेंग्विनची चोच सुमारे ३२ ते ४६ मिलिमीटर आहे, म्हणजे सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब चोचीतलं अंतरच १४ आहे. २० मिलिमीटरचा फरक असलेली अडेलींची जोडी या डेटात नाहीच. नसलेल्या जोडीबद्दल आपण बोललो तर ते मॉडेल ताणणं झालं. एका जातीत चोचीच्या लांबीचं प्रमाणित विचलन साधारण ३ मिलिमीटर आहे, म्हणजे ५ चा फरक ठळक आहे आणि सहज सापडणाराही आहे. तुमच्या डेटात हेच करा: ज्या चलाबद्दल बोलायचं त्याचं विचलन बघा आणि त्याच्या दुपटीच्या आतला एखादा गोल आकडा घ्या.

संपूर्ण भाषणात तोंडाने सांगायचे आकडे मी तीन-चारपेक्षा जास्त ठेवत नाही. आतापर्यंत दोन खर्च झाले, पाच आणि एक.

## ४. अनिश्चितता दोन प्रकारची असते, आणि दोन्ही सांगायच्या

आकडे काढताना बहुतेक वक्ते सगळ्यात आधी विश्वासमर्यादा काढतात. मग उरतं ते छातीठोक विधान, आणि मागच्या रांगेतली संख्याशास्त्रज्ञ तिथेच वही मिटते. मर्यादा सांगायला स्लाइड लागत नाही.

पहिली अनिश्चितता सरासरीची. आपल्या उताराची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ०.१७ ते ०.२३ आहे. पाच मिलिमीटरसाठी पाचाने गुणलं की ०.८३ ते १.१७ मिलिमीटर. हे बोलायचं कसं? आपल्याकडे पाऊण आणि सव्वा हे शब्द आहेत, ते वापरा:

> एक मिलिमीटर हा आमचा अंदाज आहे. तो थोडा इकडेतिकडे सरकू शकतो, पण पाऊण ते सव्वा मिलिमीटर या पट्ट्याबाहेर तो असेल असं हा डेटा सुचवत नाही.

इथे एक नियम पाळा. मर्यादा गोल करायच्या त्या बाहेरच्या बाजूला. ०.८३ चं पाऊण करणं चालतं, कारण पट्टा रुंद होतो. ०.८३ चं ०.९ करून तो अरुंद दाखवणं चालत नाही.

दुसरी अनिश्चितता एकेका पक्ष्याची, आणि ती जवळजवळ नेहमी विसरली जाते. सरासरीचा पट्टा अरुंद आहे म्हणून प्रत्येक पक्षी रेषेवर बसतो असं नाही. आपल्या मॉडेलमध्ये अवशिष्टांचं प्रमाणित विचलन सुमारे ०.९५ मिलिमीटर आहे, म्हणजे आपण जेवढा फरक सांगतोय जवळपास तेवढंच. एखाद्या पक्ष्याची चोच रेषेपेक्षा दोन मिलिमीटर जाड किंवा बारीक निघाली तरी आश्चर्य नाही. श्रोत्याला हे सांगितलं नाही, तर लांब चोच दिसली की ती जाड असणारच अशी समजूत घेऊन तो बाहेर पडतो.

याचा माझा आवडता उपाय म्हणजे जोडीचा हिशोब. एकाच जातीचे दोन पक्षी, लांबीत ५ मिलिमीटरचा फरक. त्यांत लांब चोचीच्या पक्ष्याचीच चोच जाड निघण्याची शक्यता किती? दोन पक्ष्यांमधला जाडीचा सरासरी फरक १. दोघेही आपापल्या परीने रेषेवरून ढळलेले, म्हणून फरकाचं विचलन ०.९५ गुणिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.३४. अवशिष्टं साधारण घंटाकृती वितरणात आहेत असं धरलं की:

```r
pnorm(1 / (0.95 * sqrt(2)))
# 0.77
```

सत्त्याहत्तर टक्के. बोलताना:

> अशा चार जोड्या काढल्या तर साधारण तीन जोड्यांत लांब चोचीचाच पक्षी जाड चोचीचा निघेल. चौथ्या जोडीत उलटं असेल. म्हणजे कल पक्का आहे, पण एकट्या पक्ष्यावर पैज लावू नका.

या तीन वाक्यांत विखुरण्याबद्दल जे कळतं ते आर-स्क्वेअर सांगून कळत नाही. ०.७७ ही संख्या इथे आणखी एकदा भेटते बरं का: जात घातलेल्या मॉडेलचा आर-स्क्वेअरही ०.७७ च्या आसपास आहे. तो निव्वळ योगायोग आहे. पत्रकावर दोन्ही लिहिणार असाल तर काय कशाचं आहे ते स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी हमखास गोंधळणार.

## ५. चित्रं दोनच, आणि फोटोला घाबरून काढलेली

पहिल्या चित्रात सगळे ठिपके एकाच रंगात, त्यांतून जाणारी एक उतरती रेघ. दुसऱ्या चित्रात तेच ठिपके त्याच जागी, पण तीन जाती तीन रंगांत आणि तीन आकारांत, आणि प्रत्येक जातीतून एकेक चढती रेघ. अक्षांवरचे आकडे काढा, नावं ठेवा: «चोचीची लांबी», «चोचीची जाडी». सूचीचा डबा कोपऱ्यात ठेवण्याऐवजी जातीचं नाव त्या पुंजक्यावरच लिहा. रंगासोबत आकारही वेगळा ठेवायचा कारण सभागृहात रंग ओळखायला अडचण असणारं कुणीतरी बहुधा असतंच. आणि बोलतानाही «लाल ठिपके» म्हणू नका, «डावीकडे वरचा पुंजका» म्हणा.

आता खरा पेच. पहिलं चित्र दिशाभूल करणारं आहे आणि आपण ते मुद्दाम दाखवतोय. गोष्ट रंगतदार व्हावी म्हणून उत्तर लपवून ठेवायचा मोह होतो: आधी लोकांना उतरत्या रेघेवर विश्वास ठेवू द्यायचा आणि मग पडदा उघडायचा. मी तसं करत नाही. ज्याचं लक्ष मधल्या मिनिटात फोनवर होतं, जो उशिरा आला, किंवा ज्याने नेमक्या त्याच स्लाइडचा फोटो काढला, तो चुकीचा निष्कर्ष घेऊन जातो. म्हणून पहिल्या चित्राच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात «जात न बघता (फसवं चित्र)» असं लिहा आणि दुसऱ्यावर «जात बघून». फोटो एकटा फिरला तरी शीर्षक त्याच्यासोबत जाईल. उत्तर आधीच सांगितल्याने गंमत कमी होत नाही, हे तुम्हाला बोलताना जाणवेल. रेघ उलटली कशी, हे कुतूहल तरी उरतंच.

चित्र काढताना एक बारीक गोष्ट. आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगानुसार गट पाडले की ते प्रत्येक जातीची रेघ स्वतंत्रपणे बसवतं. आपल्या `m2` मॉडेलने मात्र तिन्ही जातींना एकच उतार दिलेला आहे. चित्र एका मॉडेलचं आणि वाक्य दुसऱ्याचं, अशी गफलत होऊ शकते. म्हणून `bill_length_mm * species` घालून वेगळे उतार काढून बघा. इथे ते अडेली ०.१८, चिनस्ट्रॅप ०.२२, जेंटू ०.२० असे जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे «तिन्ही जातींत तेच दिसतं» असं बिनधास्त म्हणता येतं. तुमच्या डेटात एका गटाची रेघ सपाट निघाली तर ते वाक्य काढून टाकावं लागेल, आणि मग बहुधा तोच तुमच्या भाषणाचा विषय असेल.

## ६. स्क्रिप्ट जोडा

मराठीत प्रत्यय शब्दांना चिकटतात, त्यामुळे शब्द लांब असतात. थांबत, श्वास घेत बोललं तर मी मिनिटाला शंभर शब्द धरतो. आठ मिनिटांना म्हणून साडेसहाशे शब्द लिहा. उरलेला वेळ चित्र बघायला जातो. खालचा सांगाडा त्याहून आखूड आहे, तुमच्या विषयाची पार्श्वभूमी भरायला जागा ठेवलीय.

सुरुवात, पडदा काळा. पॉवरपॉइंटमध्ये `B` कळ दाबली की पडदा काळा होतो.

> पेंग्विनच्या एकाच जातीत लांब चोचीच्या पक्ष्यांची चोच जाडही असते. हा आमचा निष्कर्ष. पण जात न बघता सगळे पक्षी एकत्र मोजले, तर नेमकं उलटं दिसतं. पुढची सात मिनिटं मी एवढंच सांगणार आहे, की एकाच डेटातून दोन उलट उत्तरं कशी येतात आणि त्यांतलं कोणतं कोणत्या प्रश्नाचं आहे.

पहिलं चित्र. इथे बहुतेक जण घाई करतात आणि थेट रेघेबद्दल बोलायला लागतात. आधी एक ठिपका समजावून सांगा.

> इथला प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेंग्विन. जितका उजवीकडे, तितकी चोच लांब. जितका वर, तितकी चोच जाड. (थांबा.) हा एक पक्षी बघा, डावीकडे वर: आखूड पण जाड चोच. आणि हा उजवीकडे खाली: लांब पण निमुळती. आता सगळ्यांमधून एक रेघ काढली तर ती अशी खाली उतरते. ही रेघ हिशोबात चुकलेली नाही. फक्त ती आपल्याला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

दुसरं चित्र. ठिपके जागचे हलता कामा नयेत, म्हणजे दोन्ही चित्रांची मापं आणि अक्षांच्या मर्यादा अगदी एक ठेवा. ठिपके जरासे जरी सरकले तर लोकांना वाटतं डेटा बदलला.

> तेच पक्षी, त्याच जागी. मी फक्त त्यांची जात सांगितली. डावीकडे वर अडेली: आखूड, जाड चोची. उजवीकडे खाली जेंटू: लांब, निमुळत्या चोची. उजवीकडे वर चिनस्ट्रॅप: लांब आणि जाड दोन्ही. मघाची रेघ का उतरत होती ते आता दिसतंय का? ती अडेलीकडून जेंटूकडे जात होती. ती पक्ष्यांची तुलना करत नव्हती, जातींची करत होती. आता एकेका पुंजक्याच्या आत बघा. तिन्हींत रेघ वर चढते.

यानंतर पायरी १ चं वाक्य, मग पाऊण-सव्वाचं, मग चार जोड्यांचं. हे तिन्ही बोलताना पडदा पुन्हा काळा करा. चित्र समोर असलं की लोक त्यात आकडे शोधत बसतात.

मर्यादा शेवटून दुसऱ्या मिनिटात सांगा, शेवटच्या दहा सेकंदांत उरकू नका:

> हे तीन जातींचे, तीन बेटांवरचे, तीन वर्षांत मोजलेले पक्षी आहेत. चोच लांब झाल्याने ती जाड होते असं मी म्हणत नाही. दोन्हींमागे तिसरंच काही असू शकतं, आणि ते काय असेल याचा एक दावेदार आम्हाला माहीत आहे. तो म्हणजे पक्ष्याचं लिंग. नर मादीपेक्षा सरासरीने मोठे असतात, आणि त्यांची चोच लांबही असते, जाडही.

«सिम्प्सनचा विरोधाभास» हे नाव भाषणात घेऊ नका. ज्यांना माहीत आहे ते दुसऱ्या चित्रावरच ओळखतील, आणि ज्यांना नाही त्यांचं मिनिटभर त्या नावातच जाईल.

## ७. मोठ्याने वाचा, आणि श्रोत्याकडून परत ऐका

स्क्रिप्ट मनात वाचून वेळ लावू नका, फसाल. उभं राहून, मोठ्याने वाचा. मग त्या अनभिज्ञ श्रोत्याला फक्त एक प्रश्न विचारा: «मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग.» त्याच्या उत्तरात «एकाच जातीत» आलं का ते बघा. «लांब चोच म्हणजे जाड चोच» एवढंच आलं, तर अर्धं विधान वाटेत सांडलंय आणि ते वाक्य आणखी एकदा, दुसऱ्या चित्रानंतर लगेच, यायला हवं. «लांब झाली की जाड होते» असं आलं तर पायरी २ वर परत जा.

## ८. प्रश्नांची तयारी, कारण आकडे तिथे लागणार

राखीव स्लाइडवर दोन्ही मॉडेलचे उतार, विश्वासमर्यादा, पक्ष्यांची संख्या आणि वगळलेल्या दोन पक्ष्यांची नोंद ठेवा. ती आपणहून दाखवायची नाही, कुणी विचारलं तरच.

पी-व्हॅल्यूबद्दल कुणीतरी विचारेलच. या उदाहरणात उत्तर मजेदार आहे: उतरती रेघ आणि चढती रेघ, दोन्हींची पी-व्हॅल्यू ०.००१ च्या बरीच खाली आहे. म्हणजे कोणती रेघ आपल्या प्रश्नाची आहे हे ठरवायला ती काहीच मदत करत नाही. हे दोन वाक्यांत सांगितलं की विचारणाराही बहुधा खूश होतो.

खरा कठीण प्रश्न लिंगाचा, आणि म्हणूनच तो आपण भाषणात स्वतः काढून ठेवला. मॉडेलमध्ये `sex` घालून आधीच बघून ठेवा. लिंगाची नोंद ३३३ पक्ष्यांचीच आहे, त्यामुळे काही पक्षी आणखी गळतात. उतार ०.२० वरून निम्म्याहूनही बराच खाली घसरतो. म्हणजे जातीच्या आत दिसणाऱ्या चढाचा मोठा भाग नर आणि मादी यांच्यातल्या फरकातून येतो. भाषणातलं वाक्य यामुळे खोटं ठरत नाही, कारण त्यात आपण «एकाच जातीचे दोन पेंग्विन» म्हटलं होतं, «एकाच जातीचे आणि एकाच लिंगाचे» म्हटलं नव्हतं. पण प्रश्न आला की उत्तर तयार हवं, आणि ते असं सरळ द्यावं:

> हो, आम्ही बघितलं. दोन नर किंवा दोन माद्या शेजारी ठेवल्या तर फरक खूपच कमी होतो. मी सांगितलेली तुलना फक्त जातीपुरती आहे. लिंगही धरायचं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे.

पत्रकाच्या मागच्या बाजूला ते खरंच छापलेलं आहे ना, एवढं निघण्याआधी बघून घ्या.